पांढरा बैल, पांढरा मग, काळा टी-शर्ट

पुणे–नगर रस्त्यावर शिक्रापूरच्या चाकण चौकातून उजवी-डावीकडे जाणारी वस्ती पाहिली, की छपाईची गिऱ्हाइकं कुठून येतात ते वेगळं सांगावं लागत नाही. एका अंगाला सणसवाडी आणि रांजणगावचे कारखाने. ४ मार्चच्या सुरक्षा दिनाला त्यांना टी-शर्ट लागतात, निवृत्त होणाऱ्या माणसाला फोटोचा मग द्यायचा असतो. दुसऱ्या अंगाला शिरूर, खेड, आंबेगावची गावं. तिथं गणेश मंडळं आहेत, यात्रा आहेत आणि बैलगाडा आहे. सर्वोच्च न्यायालयानं १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. त्यानंतर घाट पुन्हा भरू लागले, आणि गाडामालकाचं नाव नि लाडक्या बैलाचा फोटो असलेल्या टी-शर्टांची मागणीही त्यासोबतच आली.

ग्राफिक्सच्या गाळ्यात ही मागणी एका वाक्यात येते : "बॅकग्राउंड काढून फक्त बैल घ्या." म्हणजे कटआउट. काम जुनंच आहे, पण ते नीट कसं करावं याबद्दल आज छपाईवाल्यांत आणि डिझाइन करणाऱ्यांत एकवाक्यता नाही. वाद मुख्यतः दोन गोष्टींवर आहे. कटआउटचा काठ आणि त्याभोवतीचा पारदर्शक भाग कसा असावा, ही एक. चित्रात पिक्सेल किती असावेत, ही दुसरी. या दोन्हींचा आढावा घेण्यासाठी मी मुद्दाम अवघड उदाहरण निवडलं आहे. पांढरा खिल्लार बैल आहे, मागं दुपारचं फिकट आभाळ आहे, आणि तोच बैल पांढऱ्या मगवरही हवा आहे, काळ्या टी-शर्टवरही.

मागची थोडी वाट

पूर्वी कटआउट म्हणजे फोटोवर लाल फिल्म ठेवून ब्लेडनं बाह्यरेषा कापणं. संगणकावर हे काम आलं, त्यामागं दोन टप्पे आहेत. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमध्ये एड कॅटमल आणि ॲल्वी रे स्मिथ यांनी प्रत्येक पिक्सेलला लाल-हिरवा-निळा या तीन रंगांसोबत 'किती झाकायचं' हा चौथा आकडा जोडला. त्यालाच आपण अल्फा म्हणतो. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एक चित्र दुसऱ्यावर ठेवण्याचं या अल्फाचं गणित मांडलं. पुढं १९९६ मध्ये पीएनजी हा फाइलप्रकार आला. त्यात साधारणपणे अल्फाच्या २५६ पायऱ्या असतात : शून्य म्हणजे पूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे पूर्ण भरीव आणि मधल्या सगळ्या अर्धवट. जेपीईजीत हा चौथा आकडाच नसतो. म्हणून कापून ठेवलेला बैल जेपीईजीत सेव्ह केला, की मोकळी जागा पांढऱ्या नाही तर काळ्या रंगानं भरते.

आजच्या वादाची मुळं त्या मधल्या पायऱ्यांमध्ये आहेत. पडद्यावर त्या अतिशय उपयोगी पडतात, कारण काठाचा पिक्सेल अर्धा बैलाचा नि अर्धा मागचा असेल तर कड मऊ आणि खरी दिसते. छपाईच्या यंत्राला मात्र 'अर्धा पारदर्शक' असा थेंब टाकता येत नाही. त्या जागी शाईचा थेंब पडतो किंवा पडत नाही. अर्धवट पायरीचं काय करायचं, हे शाई कोणती आणि ती कशावर पडते यावर ठरतं. आपल्याकडे मगसाठी आणि टी-शर्टसाठी दोन वेगळ्या पद्धती रूढ झाल्यानं एकाच फाइलची दोन उत्तरं येतात.

मगवर पारदर्शक म्हणजे पांढरं

मगचं काम सब्लिमेशननं होतं. फ्रान्समध्ये नोएल द प्लास यांनी १९५७ मध्ये या तत्त्वाची छपाई पुढं आणली, असं मानलं जातं. खास शाईनं कागदावर उलटी प्रिंट काढतात, कागद मगभोवती घट्ट गुंडाळतात आणि मग प्रेसमध्ये १८० ते २०० अंश सेल्सिअसला दोन-तीन मिनिटं ठेवतात. शाई द्रवरूप न होता थेट वायूरूप होते आणि मगवरच्या पॉलिस्टरच्या लेपात शिरते. साध्या दुकानातल्या चिनी मातीच्या मगवर हा लेप नसतो, म्हणून त्यावर प्रिंट बसत नाही. याच कारणानं सुती टी-शर्टवरही सब्लिमेशन चालत नाही, तिथं पांढरा किंवा फिकट पॉलिस्टर लागतो.

या शाईत पांढरा रंग नाही. फाइलमध्ये जिथं पांढरं आहे तिथं काहीच छापलं जात नाही आणि मगचा पांढरा दिसतो. जिथं पारदर्शक आहे तिथंही काहीच छापलं जात नाही. थोडक्यात, मगसाठी पांढरं आणि पारदर्शक यांत छपाईच्या दृष्टीनं फरक उरत नाही. म्हणूनच मगवाले बरेचदा कटआउटच्या काठाबद्दल फारसा आग्रह धरत नाहीत. अर्धवट पायऱ्या तिथं बिनधोक छापता येतात, कारण शाई हळूहळू विरळ होत शून्यावर येऊ शकते. बैलाच्या पायाखाली मऊ सावली टाका किंवा मागं गुलालाचा विरत जाणारा ढग टाका, दोन्ही सुंदर येतं.

आपल्या पांढऱ्या बैलाचं मात्र इथंच अवघड होतं. वशिंडावर आणि पाठीवर ऊन पडलं असेल तर तो भाग फाइलमध्ये जवळजवळ शुभ्र असतो. आभाळ काढून टाकलं की त्या शुभ्र पाठीला मगवर काठच राहत नाही. पडद्यावर राखाडी-पांढऱ्या चौकटींवर बैल स्पष्ट दिसत होता, कारण त्या चौकटींनी त्याला उठाव दिला होता. मगवर शिंगं, डोळे, खूर आणि शेपटीचा काळा गोंडा तेवढा दिसतो नि पाठ मगमध्ये विरून जाते.

यावर दोन मतं आढळतात. एक म्हणतं, मगसाठी कटआउट करूच नका. आभाळ नि घाटाची माती राहू द्या, मगचा पट्टा पूर्ण भरा. दुसरं म्हणतं, कटआउट करा पण मागं फिकट मातकट किंवा गुलाबी छटा द्या. मला दुसरं पटतं. कापलेला बैल मोकळा असला की त्याच्या शेजारी गाडामालकाचं नाव, गावाचं नाव नीट मांडता येतं, आणि छटा एवढी हलकी ठेवता येते की मगचा पांढरेपणा जात नाही. पहिल्या मताच्या बाजूनंही खरं कारण आहे : घाई असेल तेव्हा काठाची एक अख्खी कटकट वाचते.

नेहमीच्या ११ औंसाच्या मगवर छापायला साधारण २० सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर उंच पट्टा मिळतो. काठाजवळ नि बुडाजवळ प्रेसचा दाब कमी पडतो, तिथं रंग फिका येतो. म्हणून बैलाच्या शिंगांची टोकं वरून अर्धा सेंटिमीटर आत ठेवलेली बरी.

काळ्या टी-शर्टवर खाली पांढरा थर

काळ्या सुती टी-शर्टसाठी आपल्या भागात गेल्या काही वर्षांत डीटीएफनं जागा घेतली आहे. इथं पारदर्शक फिल्मवर आधी उलटं रंगीत चित्र छापतात, त्यावर पांढऱ्या शाईचा थर देतात. शाई ओली असतानाच चिकट पावडर टाकतात, जादा पावडर झटकतात आणि फिल्म तापवून पावडर वितळवतात. मग फिल्म टी-शर्टवर ठेवून हीट प्रेसमध्ये १५० ते १६० अंशाला दहा-पंधरा सेकंद दाबतात नि फिल्म सोलतात. टी-शर्टवर चित्र उलटून बसतं : खाली पांढरा थर, वर रंग.

इथं पारदर्शक म्हणजे खरोखर काही नाही, तिथं टी-शर्टचं कापड दिसतं. आणि पांढरं म्हणजे खरी पांढरी शाई. आपला खिल्लार काळ्या टी-शर्टवर फार देखणा दिसतो, मगवर हरवलेली पाठ इथं उठून येते. अडचण काठावर येते.

काठावरच्या अर्ध्या पारदर्शक पिक्सेलखाली पांढरी शाई किती टाकायची, हे यंत्राला जोडलेलं छपाईचं सॉफ्टवेअर ठरवतं. त्याला आपल्याकडे आरआयपी किंवा रिप म्हणतात. पांढरी भरपूर टाकली तर चित्राभोवती पांढरट कड दिसते. तुरळक टाकली तर त्या जागी शाईचे सुटे थेंब पडतात. पावडर ओल्या शाईलाच चिकटते, त्यामुळं बारीक थेंबावर पावडरही पुरेशी बसत नाही. प्रेस करताना तो भाग फिल्मवरच राहतो किंवा चार धुण्यांत निघून जातो. मगवर मोहक दिसणारी पायाखालची मऊ सावली काळ्या टी-शर्टवर राखाडी डागासारखी येते. काळ्या कापडावर काळी सावली मुळात दिसणारच नव्हती, तिच्याखालच्या पांढऱ्यानं ती दिसायला लागते.

काठ कडक की मऊ

इथं छपाईवाल्यांचे दोन सरळ गट आहेत. पहिला गट म्हणतो, डीटीएफच्या फाइलमध्ये अल्फा फक्त शून्य किंवा पूर्ण असावा. मधल्या पायऱ्या काढून टाका. हे करणं सोपं आहे. जिम्पमध्ये `Layer > Transparency > Threshold Alpha` हा पर्याय त्यासाठीच आहे. ठरावीक पायरीच्या वरचा पिक्सेल पूर्ण भरीव होतो, खालचा पूर्ण जातो. फायदा असा की कोणत्याही दुकानात, कोणत्याही रिपवर फाइल सारखीच वागते. काठ दातेरी दिसेल ही भीती मोठ्या चित्रात खरी ठरत नाही. ३०० पिक्सेल प्रति इंच असलेल्या फाइलमध्ये एक पिक्सेल ०.०८५ मिलिमीटरचा असतो. कापडाच्या विणीवर एवढा दात कुणाला दिसत नाही.

दुसरा गट म्हणतो, गुलाल, धूळ, धुरळा, शेपटीचे केस या गोष्टी कडक काठात मरतात. त्यांच्यासाठी मऊपणा हवा, पण तो ठिपक्यांत बदलून द्यावा. म्हणजे विरळ होणारा भाग डिझाइन करतानाच लहान-मोठ्या भरीव ठिपक्यांत करायचा, स्क्रीन प्रिंटिंगवाले पूर्वीपासून करतात तसा. प्रत्येक ठिपका पूर्ण भरीव असल्यानं त्याखाली पांढरी नि पावडर बसते. अट एवढीच की ठिपका फार बारीक नको. याचा आणखी एक फायदा सांगितला जातो, आणि तो अंगावर घालून पाहिला की पटतो : चित्र ठिपक्यांत मोकळं झालं की छातीवर प्लास्टिकचा पत्रा लावल्यासारखं वाटत नाही, हवा खेळते.

या दोन मतांत भांडण दिसतं तेवढं नाही, कारण दोघंही अर्धवट पायऱ्या फाइलमध्ये सोडायला तयार नाहीत. फरक एवढाच की एक त्या कापून टाकतो, दुसरा त्यांचे ठिपके करतो. खरा मतभेद तिसऱ्या गटाशी आहे. तो म्हणतो, ही काळजी डिझाइनवाल्यानं करूच नये, ती रिपची आहे. चांगला रिप पांढरा थर रंगापेक्षा दोन-तीन पिक्सेल आत ओढून घेतो, म्हणजे पांढरी कड बाहेर डोकावत नाही. मऊ भागाचे ठिपकेही तोच करतो. हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण शिक्रापुरात डिझाइन एका गाळ्यात होतं, फिल्म अनेकदा पुण्याहून छापून येते, आणि त्या रिपची मांडणी डिझाइनवाल्याला माहीत नसते. अशा वेळी रिपवर विसंबणं म्हणजे अंधारात दगड मारणं. फाइलच स्वच्छ पाठवलेली बरी.

आभाळाची उरलेली कड

अल्फा कडक केला तरी एक दोष राहतो, आणि काळ्या टी-शर्टवर तो लांबून दिसतो. कॅमेऱ्यानं फोटो घेतला तेव्हा काठाच्या पिक्सेलमध्ये बैलाचा रंग नि आभाळाचा रंग एकत्र मिसळले. आपण आभाळ काढलं, पण त्या पिक्सेलमधलं आभाळ रंगात राहिलं. पांढऱ्या पाठीवर ही कड खपून जाते, कारण पाठही फिकट नि आभाळही फिकट. काळ्या गोंड्याभोवती, शिंगांच्या गडद टोकांभोवती, कासऱ्याभोवती मात्र पांढरी धागेदार रेघ उमटते.

हे ओळखायची रीत सोपी आहे आणि ती न चुकता करावी. कटआउटच्या खाली आधी भडक लाल रंगाचा थर टाकून पाहा, मग काळ्या रंगाचा. लाल थरावर बैलाच्या आतली भोकं दिसतात, म्हणजे पाठ आभाळ समजून चुकून कापली गेली असेल ती जागा. काळ्या थरावर उरलेली कड नि इकडं-तिकडं सुटलेले बारीक ठिपके दिसतात. असे दोन-तीन टक्के भरीव असलेले ठिपके राखाडी-पांढऱ्या चौकटींवर डोळ्याला सापडत नाहीत, फिल्मवर मात्र पांढरे डाग म्हणून उमटू शकतात. कड घालवायला निवड एक ते दोन पिक्सेल आत घ्यावी, फोटोशॉपमध्ये `Select > Modify > Contract`. बारीक शिंगाच्या टोकाशी हे आत घेणं अंगाशी येऊ शकतं, टोकच नाहीसं होतं. तिथं कड कापण्यापेक्षा तिचा रंग शेजारच्या शिंगाच्या रंगानं रंगवणं चांगलं.

एका क्लिकवर बॅकग्राउंड काढणाऱ्या ॲपांचा वाद याच जागी येतो. माणसाचा चेहरा, अंगरखा, साधी बाह्यरेषा असेल तर ती ॲपं आता चांगलं काम करतात नि वेळ वाचतो, हे मान्य करायला हवं. पण पांढऱ्या आभाळापुढचा पांढरा बैल, वेसणीतून गेलेला कासरा, चार पायांमधली मोकळी जागा इथं ती चुकतात. शिवाय काही सेवा फुकटात लहान आकाराचीच फाइल देतात, ती पडद्यावर ठीक दिसते आणि छापताना फाटते. पेन टूलनं हातानं कापणाऱ्यांचं म्हणणं असं की अर्धा तास जातो पण काठ आपल्या ताब्यात राहतो. त्याचा आणखी एक मोठा फायदा आहे, तो रिझोल्यूशनशी जोडलेला असल्यानं पुढं येतो.

तीनशेचा आकडा आला कुठून

"तीनशे डीपीआय पाहिजे" हे वाक्य सगळ्या दुकानांत ऐकू येतं. हा आकडा मासिकांच्या छपाईतून आला. तिथं एका इंचात सुमारे दीडशे ओळी ठिपके असतात आणि चित्रात त्याच्या दुप्पट पिक्सेल असावेत असा संकेत आहे. डोळ्याचा हिशेबही त्याच्या जवळ येतो. निकोप डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढं अंतर वेगळं ओळखतो. तीस सेंटिमीटरवर ते ०.०८७ मिलिमीटर होतं, म्हणजे इंचाला २९० पिक्सेल. हातात धरलेल्या मगसाठी ३०० हा आकडा म्हणूनच योग्य आहे. टी-शर्ट मात्र कुणी तीस सेंटिमीटरवरून पाहत नाही. एक मीटरवर तोच हिशेब ८७ पिक्सेलवर येतो.

यावरून दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, टी-शर्ट असो वा मग, शेवटच्या मापाला ३०० हवेतच. कमी घेतलं की सवय बिघडते नि एखाद्या दिवशी अक्षर फाटतं. दुसरा म्हणतो, टी-शर्टवरच्या फोटोला १५० पुरेत. कापडाची वीण नि शाईचं पसरणं बाकीचं गिळून टाकतं. दोघांच्या बाजूनं आकडे मांडून पाहू.

फोनचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा आहे. बैल घाटात थोडा लांब उभा, नाकपुडीपासून शेपटीपर्यंत त्यानं १५०० पिक्सेल व्यापले आहेत. पहिला धडा इथंच आहे : कटआउट केला की आपल्या हातात बारा मेगापिक्सेल नाहीत, फक्त ते १५०० आहेत. टी-शर्टवर बैल २८ सेंटिमीटर रुंद हवा, म्हणजे अकरा इंच. १५०० भागिले ११, इंचाला १३६ पिक्सेल. मगवर तोच बैल १० सेंटिमीटर, म्हणजे चार इंचांना थोडा कमी. तिथं ३८० च्या आसपास. मगचा प्रश्न मिटला. टी-शर्टवर एक पिक्सेल ०.१९ मिलिमीटरचा झाला, आणि तो साठ-पासष्ट सेंटिमीटरच्या पुढून वेगळा दिसणार नाही. फोटो म्हणून तो चालेल, दीडशेवाल्या पक्षाचं म्हणणं इथं खरं ठरतं.

आता तोच फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा आला असं धरा. तिथं लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणली जाते, म्हणजे बैल ६०० पिक्सेलचा उरतो. टी-शर्टवर इंचाला ५४. एक पिक्सेल जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा. दीड मीटरवरून पायऱ्या दिसतात, आणि जेपीईजीच्या दाबणुकीनं काठाला जी चौकोनी खरड येते ती वेगळी. मगवर दीडशेच्या आसपास मिळतात, चित्र मऊ येईल पण अगदीच वाईट नाही. हौशी गिऱ्हाईक कधी बैलाचं स्टिकर पाठवतं, "बॅकग्राउंड आधीच काढलंय" म्हणून. काढलेलं असतं खरं, पण स्टिकर ५१२ बाय ५१२ चं असतं. ३०० च्या हिशेबानं ते सव्वाचार सेंटिमीटरच्या पलीकडं जात नाही. खिशावरच्या लहान चिन्हासाठी ते वापरता येईल, छातीवरच्या चित्रासाठी नाही.

म्हणून फोटो आणि पीएनजी दोन्ही 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावं. फोटो म्हणून पाठवलेल्या पीएनजीचा वाटेत जेपीईजी होतो आणि पारदर्शक भाग भरला जातो. फाइलवरचा आकडा नुसता ७२ चा ३०० केल्यानं काही होत नाही, पिक्सेल तेवढेच राहतात आणि फक्त मोजणी बदलते. हा गैरसमज अजून सर्रास आहे.

काठ तीनशेचा, फोटो आहे तेवढा

दोन्ही पक्षांना जोडणारी एक वाट आहे, आणि माझ्या मते आज तीच सर्वांत भरवशाची आहे. फोटोचा आतला भाग आणि काठ यांना एकच रिझोल्यूशन लागत नाही. बैलाच्या अंगावरचे केस, स्नायू, झुलीचे रंग १३६ वर चालतात. डोळा ठेचकाळतो तो बाह्यरेषेवर नि अक्षरांवर. पेन टूलची रेषा पिक्सेलची नसते, गणिती वक्र असते. ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही.

तेव्हा आधी २८ सेंटिमीटर रुंदीची, ३०० पिक्सेल प्रति इंचाची, म्हणजे सुमारे ३३०० पिक्सेल रुंद कोरी पारदर्शक फाइल घ्यावी. त्यात मूळ फोटो सव्वादोन पट मोठा करून ठेवावा. मोठ्या फोटोवर पेन टूलनं बैलाची बाह्यरेषा काढावी आणि तिचाच मास्क करावा. बैल थोडा मऊ दिसतो, पण काठ ३०० च्या फाइलला शोभेल असा स्वच्छ येतो. उलट क्रमानं केलं, म्हणजे लहान फोटो आधी कापून मग मोठा केला, तर काठाच्या अर्धवट पायऱ्याही मोठ्या होतात आणि कडेला दोन-तीन पिक्सेल रुंद धूसर पट्टा येतो. डीटीएफला नेमका तोच नको असतो.

शेपटीच्या गोंड्याला हातानं वळणं द्यावी लागतात. सुटे केस कापत बसू नयेत, गोंड्याचा एकच आकार काढून त्याला चार-पाच टोकं ठेवावीत. टी-शर्टवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक सुटी रेघ टिकेलच असं नाही. कासरा मात्र ठेवावा. आपल्या मापात तो दोनेक मिलिमीटर जाडीचा येतो, म्हणजे व्यवस्थित छापला जातो. तो कापून टाकला की वेसण हवेत लटकलेली दिसते नि बैलाचा मालक पहिल्यांदा तेच बोट ठेवून दाखवतो.

नाव आणि गाव फोटोत मिसळू नये, अक्षरं शेवटपर्यंत अक्षरं ठेवून वक्रांत बदलावीत. आपल्याकडे बरंच काम अजून श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टांत होतं. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर मजकुराचा गोंधळ होतो. देवनागरीत वेलांट्या, रफार, जोडाक्षरांमधल्या बारीक फटी अशा जागा पांढऱ्या थरानं लवकर बुजतात, त्यामुळं लहान मजकुराला जाड नि मोकळा फॉन्ट घ्यावा.

या एका मूळ फाइलमधून मग दोन फाइल निघतात. टी-शर्टची : सावली नाही, काठ कडक, बैल भरीव. मगची : बैल दहा सेंटिमीटरचा, मागं फिकट छटा, हवी तर मऊ सावली. उलटी कुणी करायची हे आधी ठरवावं. छपाईचं सॉफ्टवेअर बरेचदा उलटं करतच असतं. डिझाइनवाल्यानंही उलटं केलं की नाव उलटं छापून येतं.

न सुटलेलं

काही प्रश्नांवर अजून बोलणं चालू आहे. त्यातला एक काळ्या रंगाचा आहे. काळ्या टी-शर्टवर बैलाचे डोळे, खूर, गोंडा हे काळे भाग छापायचे की तिथं भोक ठेवून कापडाचा काळा वापरायचा? भोक ठेवलं तर शाई वाचते, छपाई हलकी होते, काठाची कडही तिथं राहत नाही. छापलं तर फाइल कोणत्याही रंगावर चालते. यात्रेच्या आदल्या दिवशी काळे टी-शर्ट संपून निळे आणले, आणि फाइल भोकांची असली, की बैलाचे डोळे निळे होतात. मंडळाच्या कामात रंग असा ऐनवेळी बदलतो, म्हणून मी डोळे नि नाकपुड्या छापाव्यात नि गोंडा, खूर मोकळे ठेवावेत अशा मताचा आहे. पण मोठ्या मागणीत, जिथं कापड आधीच पक्कं आहे, तिथं सगळंच मोकळं ठेवणाऱ्यांचं म्हणणं खोडता येत नाही.

दुसरा प्रश्न ठिपक्यांच्या टिकाऊपणाचा. मऊ भाग ठिपक्यांत केला तर तो किती धुण्यांपर्यंत राहतो, याचं उत्तर पावडरीच्या जाडीवर, फिल्म किती तापवली यावर आणि प्रेसच्या दाबावर बदलतं. एका दुकानात टिकलेला गुलालाचा ढग दुसऱ्या दुकानात दोन धुण्यांत विरतो. तिसरा प्रश्न पडद्याचा. पांढऱ्या थरासकट चित्र कसं दिसेल हे नेहमीच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, ते रिपमध्ये दिसतं, आणि रिप दुसऱ्याच्या गाळ्यात असतो. त्यामुळं पन्नास टी-शर्टांच्या कामात शिंगाचं टोक, गोंडा, कासरा नि नावातलं एक जोडाक्षर एवढंच हातभर फिल्मवर आधी छापून त्याच रंगाच्या कापडावर दाबून पाहणं हाच आजचा सगळ्यांना मान्य असलेला तपास आहे. त्या तुकड्याचा खर्च डिझाइनवाल्यानं सोसायचा, छपाईवाल्यानं की गिऱ्हाइकानं, यावर मात्र चाकण चौकातल्या दोन गाळ्यांचंही अजून एकमत नाही.